हिपॅटायटिस बी पॅनेलचा साधा तक्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेरुळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काउंटरवर रिपोर्ट हातात पडला की निम्मी माणसं तिथेच उभी राहून विचारतात, आणि उरलेली घरी जाऊन रिपोर्टचा फोटो पाठवतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तक्त्यावरून आपण कुठल्या ओळीत बसतो ते कळतं. उपचार ठरवायला मात्र डॉक्टरच हवेत.

1. पॅनेल म्हणजे नेमक्या कोणत्या चाचण्या? माझ्या रिपोर्टवर तर एकच ओळ आहे.

तुमच्या रिपोर्टवरची ती एक ओळ बहुतेक एचबीएसएजीची असणार. ऑपरेशनच्या आधी किंवा गरोदरपणात साधारण तेवढीच करतात. जुन्या चिठ्ठ्यांवर तिलाच ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हटलेलं दिसेल. पूर्ण चित्र हवं असेल तर तीन चाचण्या लागतात, आणि कधीकधी चौथी, आयजीएमची. रिपोर्टवर त्यांची नावं साधारण अशी छापलेली असतात:

```
HBsAg
Anti-HBc Total
Anti-HBc IgM
Anti-HBs
```

HB च्या लगेच पुढचं अक्षर नीट पाहा, कारण सगळा घोटाळा एस आणि सी यांच्या अदलाबदलीत होतो. एस म्हणजे विषाणूचं बाहेरचं कवच, सी म्हणजे आतला गाभा. एचबीएसएजी हा कवचाचा तुकडा खुद्द विषाणूचा असतो. तो रक्तात सापडला तर विषाणू आत्ता शरीरात आहे. नावाआधी ‘अँटी’ असेल तर ती आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी. आयजीएम म्हणजे लागणीच्या सुरुवातीला बनणारी अँटीबॉडी, टोटल म्हणजे सगळी मिळून.

सगळा तक्ता एका गोष्टीवर उभा आहे. लशीत फक्त कवचाचं प्रथिन असतं, गाभा नसतो. त्यामुळे लस घेतलेल्या माणसात कवचाविरुद्धची अँटीबॉडी तयार होते, गाभ्याविरुद्धची होत नाही. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आली तर त्या माणसाचा कधीतरी खऱ्या विषाणूशी संबंध आला होता, असंच बहुतेक वेळा समजायचं. अपवाद प्रश्न 8 आणि 12 मध्ये आहेत.

2. तो तक्ता एकदा द्या ना, वहीत उतरवून ठेवते.

| स्थिती | एचबीएसएजी | अँटी-एचबीसी टोटल | अँटी-एचबीसी आयजीएम | अँटी-एचबीएस |
|---|---|---|---|---|
| लागण नाही, संरक्षणही नाही | निगेटिव्ह | निगेटिव्ह | गरज नाही | निगेटिव्ह |
| लशीमुळे संरक्षण | निगेटिव्ह | निगेटिव्ह | गरज नाही | पॉझिटिव्ह |
| लागण होऊन गेली, संरक्षण आहे | निगेटिव्ह | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | पॉझिटिव्ह |
| नवी लागण | पॉझिटिव्ह | पॉझिटिव्ह | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह |
| जुनी, टिकून राहिलेली लागण | पॉझिटिव्ह | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | निगेटिव्ह |
| फक्त गाभ्याची अँटीबॉडी | निगेटिव्ह | पॉझिटिव्ह | करून पाहावी | निगेटिव्ह |

रिपोर्टवर ‘रिअॅक्टिव्ह’ लिहिलं असेल तर पॉझिटिव्ह धरा, ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ असेल तर निगेटिव्ह. अँटी-एचबीएस मात्र आकड्यात येते. 10 किंवा त्याहून जास्त असेल तर पॉझिटिव्ह, त्याखाली निगेटिव्ह. एकक मिली-आययू प्रति मिलिलिटर असो की आययू प्रति लिटर, आकडा तोच राहतो.

3. रकाने याच क्रमाने का? आमच्या रिपोर्टवर क्रम वेगळाच आहे.

लॅब आपल्या सोयीने छापते. मी क्रम लावलाय तो डावीकडून उजवीकडे वाचताना चार प्रश्नांची उत्तरं एकामागून एक मिळावीत म्हणून. विषाणू आत्ता आहे का? आधी कधी येऊन गेला का? आलाच असेल तर हल्लीच का? आणि आज संरक्षण आहे का? पहिल्याच रकान्यात पॉझिटिव्ह दिसलं की ‘लस घेतली होती ना’ वगैरे चर्चा बाजूला ठेवायची आणि थेट नवी-जुनी या दोन ओळींकडे जायचं. पहिला निगेटिव्ह असेल तर दुसरा रकाना लस आणि होऊन गेलेली लागण यांच्यातला फरक सांगतो. अँटी-एचबीएस मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती सुरुवातीला असली की माणसं चांगला आकडा बघून तिथेच थांबतात.

4. एचबीएसएजी निगेटिव्ह आली. म्हणजे मी सुरक्षित ना? बाकीचे रकाने निगेटिव्ह भरू का?

नाही, रिकामे ठेवा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे. न केलेली चाचणी आणि निगेटिव्ह आलेली चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी. एचबीएसएजी निगेटिव्ह असलेला माणूस वरच्या तक्त्यातल्या चार ओळींपैकी कुठल्याही ओळीत असू शकतो: संरक्षण नसलेला, लस घेतलेला, लागण होऊन बरा झालेला किंवा फक्त गाभ्याची अँटीबॉडी असलेला. त्यातल्या एकाला लशीची गरज आहे, दोघांना नाही, आणि एकाला पुढची तपासणी लागते.

मी रिकाम्या रकान्यात आडवी रेघसुद्धा मारत नाही, कारण रेघ म्हणजे वजा, वजा म्हणजे निगेटिव्ह, असं नंतर कोणीतरी वाचतंच. ‘केली नाही’ असं अक्षरात लिहा. एक्सेलमध्ये तक्ता करून आपोआप निकाल काढणारे सूत्र लावत असाल तर हीच अडचण येते. रिकामा रकाना ‘पॉझिटिव्ह नाही’ म्हणून पुढे जातो आणि समोर चुकीची ओळ दिसते.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2023 मध्ये शिफारस बदलली ती याच कारणासाठी. प्रत्येक प्रौढाची आयुष्यात निदान एकदा एचबीएसएजी, टोटल अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस अशी तिन्ही एकत्र तपासणी करावी, असं त्यात म्हटलं आहे.

5. एका घराचा तक्ता भरून दाखवाल का? वाचून कळतं, पण भरायला बसलं की गोंधळ होतो.

कोपरखैरण्याच्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील 58 वर्षांचे. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली आणि घर हादरलं. सून गरोदर होती, त्यामुळे भीती दुप्पट. डॉक्टरांनी सगळ्यांचंच पॅनेल करायला सांगितलं.

| कोण | एचबीएसएजी | अँटी-एचबीसी टोटल | अँटी-एचबीसी आयजीएम | अँटी-एचबीएस |
|---|---|---|---|---|
| वडील | पॉझिटिव्ह | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | 2 पेक्षा कमी |
| आई | निगेटिव्ह | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | 146 |
| मुलगा | निगेटिव्ह | निगेटिव्ह | केली नाही | 4.2 |
| सून | निगेटिव्ह | निगेटिव्ह | केली नाही | 2 पेक्षा कमी |
| नातू, 5 वर्षं | निगेटिव्ह | निगेटिव्ह | केली नाही | 88 |

वडिलांचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे जुन्या लागणीची ओळ. तरी सहा महिन्यांनी पुन्हा तपासून ती पक्की केली (प्रश्न 9). ‘ऑपरेशनच्या दवाखान्यातून लागलं असेल’ अशी शंका घरात होती. पण ही तपासणी ऑपरेशनच्या आधीची, आणि आयजीएमही निगेटिव्ह. लागण आत्ताची वाटत नव्हती.

आईंची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी लस कधीच घेतली नव्हती, तरी अँटी-एचबीएस 146. घरचे म्हणाले, ‘म्हणजे लस घेतली असणार, आठवत नसेल.’ दुसऱ्या रकान्याने ते खोडलं. त्यांना लागण होऊन गेली होती आणि शरीराने स्वतःच ती परतवली होती. निरोगी प्रौढांना लागण झाली तर सुमारे 95 टक्के जण असे बरे होतात. नवजात बाळाला लागण झाली तर मात्र सुमारे 90 टक्के बाळांमध्ये ती टिकून राहते. सुनेची काळजी होती ती त्यामुळेच.

सून पहिल्या ओळीत बसली: लागण नाही, संरक्षणही नाही. तिच्या गरोदरपणाच्या फाइलमध्ये फक्त एचबीएसएजी निगेटिव्ह होती आणि सगळे निर्धास्त होते. बाकीचे रकाने भरल्यावर कळलं की तिला लस हवी. ही लस गरोदरपणात देता येते, आणि डॉक्टरांनी ती लगेच सुरू केली. नातू सरळ लशीच्या ओळीत. मुलाच्या 4.2 चं काय झालं ते प्रश्न 7 मध्ये.

6. अँटी-एचबीसीचा आकडा 0.08 आला आणि खाली ‘रिअॅक्टिव्ह’ लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

बहुधा नाही. काही यंत्रांवर ही चाचणी स्पर्धात्मक पद्धतीने होते. तुमच्या रक्तातल्या आणि चाचणीच्या द्रावणातल्या अँटीबॉडींमध्ये जागेसाठी चढाओढ असते. तुमची अँटीबॉडी जितकी जास्त, तितका यंत्राला दिसणारा संकेत कमी. अशा यंत्रावर 1 च्या खालचा आकडा पॉझिटिव्ह असतो आणि वरचा निगेटिव्ह. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर नेमकं उलट. वाशीच्या लॅबमधला 0.08 आणि ठाण्याच्या लॅबमधला 6.5 एकाच माणसाचे असू शकतात, आणि दोन्हीचा अर्थ एकच निघतो.

म्हणून तक्त्यात अँटी-एचबीसीचा आकडा लिहू नका, लॅबने दिलेला शब्द लिहा. आकडा फक्त अँटी-एचबीएसचा लिहायचा.

आणखी एक. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना जरूर सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस खोटे कमी दिसतात, आणि स्पर्धात्मक पद्धतीची अँटी-एचबीसी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. एकाच गोळीने तीन रकाने बिघडतात.

7. लशीचे तिन्ही डोस झालेत, कार्ड आहे, तरी अँटी-एचबीएस 10 च्या खाली. लस फुकट गेली?

हा प्रश्न नर्सिंगला लागलेल्या मुलींकडून फार येतो, कारण नोकरीच्या ठिकाणी 10 च्या वरचा आकडा मागतात. आधी विचारायचं ते हे, की शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी तपासलं? ही चाचणी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी करायची असते. तेव्हा 10 किंवा जास्त आली तर लस लागू पडली. पुढे वर्षं गेली की आकडा हळूहळू खाली येतो आणि 10 च्या खालीही जातो, पण शरीराची स्मरणशक्ती टिकलेली असते. निरोगी माणसात तेव्हा कमी झालेला आकडा म्हणजे संरक्षण गेलं असं नव्हे.

प्रश्न 5 मधल्या मुलाने 2009 मध्ये 0, 1 आणि 6 महिन्यांचे डोस घेतले होते, पण नंतर कधी तपासलं नव्हतं. आता 4.2. दोन शक्यता होत्या: लस लागू पडून आकडा उतरला, किंवा लस लागूच पडली नव्हती. नुसता तक्ता हा फरक सांगू शकत नाही. डॉक्टरांनी एक जादा डोस दिला आणि महिन्याभराने पुन्हा मोजलं, तर 640. शरीराला लस आठवत होती. आता त्याची ओळ ‘लशीमुळे संरक्षण’. जादा डोसनंतरही आकडा 10 च्या खाली राहिला असता तर उरलेले दोन डोस देऊन पुन्हा मोजलं असतं.

तक्त्यात अँटी-एचबीएसच्या शेजारी शेवटच्या डोसची तारीख लिहायची सवय लावा. तारखेशिवाय 4.2 या आकड्याचा अर्थ लागत नाही.

8. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, बाकी सगळं निगेटिव्ह. मी कुठे बसते?

ही ओळ खरोखर अवघड आहे, आणि तिला घाईने नाव देऊ नये. चार शक्यता असतात. लागण फार पूर्वी होऊन गेली आणि अँटी-एचबीएस काळाच्या ओघात 10 च्या खाली आली, हे बरेचदा असतं. दुसरी, चाचणी खोटी पॉझिटिव्ह आली. आजूबाजूला लागण क्वचितच असलेल्या माणसात हे जास्त शक्य. तिसरी, विषाणू यकृतात आहे पण एचबीएसएजी इतकी थोडी की चाचणीला सापडत नाही. चौथी, नवी लागण बरी होत असतानाचा मधला काळ. त्या काही आठवड्यांत एचबीएसएजी नाहीशी झालेली असते आणि अँटी-एचबीएस अजून वर आलेली नसते.

चौथी शक्यता आयजीएम करून कळते, तिसरी एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात थेट विषाणूचं डीएनए शोधणारी चाचणी, करून. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर पहिली किंवा दुसरी उरते. पूर्वी कावीळ झाली होती का, घरात कोणाला आहे का, यावरून डॉक्टर पुढचं ठरवतात. हल्लीच रक्त चढवलं असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन झालं असेल तर तेही सांगा, कारण अँटी-एचबीसी दुसऱ्याच्या रक्तातूनही येते.

तोवर तक्त्यात ‘फक्त गाभ्याची अँटीबॉडी, पुढची तपासणी बाकी’ असंच लिहा.

9. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे. नवी लागण की जुनी, आजच कळेल का?

अंदाज आज येतो, खात्री सहा महिन्यांनी. आयजीएम साधारण सहा महिने टिकते, त्यामुळे ती पॉझिटिव्ह असेल तर नवी लागण असण्याची शक्यता जास्त. पण जुनी लागण अचानक उसळली तरी आयजीएम थोडी वर येऊ शकते. म्हणून एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त काळ टिकली तरच लागण ‘जुनी’ ठरते. पाच वर्षांपूर्वीचा एखादा एचबीएसएजी पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटात सापडला तर तो घेऊन जा. सहा महिने थांबायची गरज त्याने संपते.

एचबीईएजी, अँटी-एचबीई आणि डीएनएचा आकडा या तक्त्यात घालू नका. माणूस कुठल्या ओळीत आहे ते त्यांच्यामुळे बदलत नाही. विषाणू किती जोरात वाढतोय आणि औषध लागेल का, हे त्यावरून ठरतं, आणि ते एसजीपीटीसोबत वेगळ्या कागदावर तारखेनुसार लिहावं. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आपल्या जवळचं केंद्र सरकारी रुग्णालयात विचारता येईल.

10. लस घेऊन आठवडा झाला आणि रक्तदान शिबिरातून फोन आला की एचबीएसएजी पॉझिटिव्ह. लशीने रोग झाला?

लशीत विषाणू नसतोच, त्यामुळे रोग होऊ शकत नाही. पण लशीत असतं ते एचबीएसएजीच. ते काही दिवस रक्तात फिरतं आणि संवेदनशील चाचणीला सापडतं, साधारण तीन आठवड्यांपर्यंत. अशा वेळी अँटी-एचबीसी निगेटिव्ह असते. अडचण एवढीच की अगदी सुरुवातीच्या खऱ्या लागणीतही एचबीएसएजी एकटीच पॉझिटिव्ह असते. म्हणून महिनाभर थांबून तिन्ही चाचण्या पुन्हा करायच्या आणि तोवर रकान्यात तारीख घालून ‘लशीनंतर, पुन्हा तपासणे’ असं लिहायचं. पॅनेल करायचंच असेल तर रक्त लशीच्या आधी द्या. रक्त देऊन त्याच दिवशी पहिला डोस घेतला तरी चालतो.

11. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह. तक्त्यात अशी ओळच नाही!

नाही, आणि मुद्दाम ठेवलेली नाही. आधी नमुन्यांची अदलाबदल किंवा नुकती घेतलेली लस ही कारणं बाजूला काढायला नवं रक्त देऊन चाचणी करा. पुन्हा तसंच आलं तर लागणीच्याच ओळीत धरायचं. जुनी लागण असलेल्या थोड्या लोकांमध्ये दोन्ही एकत्र सापडतात. ती अँटीबॉडी त्यांच्या शरीरातल्या विषाणूला आवरायला पुरत नाही. पहिला रकाना पॉझिटिव्ह असताना चौथ्याकडे बघून कोणी ‘संरक्षण आहे’ असं सांगितलं तर ते मानू नका. अशा माणसाचं डीएनए करून घ्यावं.

आणि उलट बाजूचंही सांगते. ‘लागण होऊन गेली, संरक्षण आहे’ या ओळीतल्या माणसाच्या यकृताच्या पेशींमध्ये विषाणूचा अंश निद्रिस्त राहतो. एरवी तो त्रास देत नाही. पण कर्करोगाची काही औषधं, विशेषतः रिटुक्सिमॅब, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू झाले की तो पुन्हा जागा होऊ शकतो. प्रश्न 5 मधल्या आईंच्या ओळीपुढे मी लाल शाईने लिहून दिलं: ‘अशा उपचारांआधी डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवणे’. प्रश्न 8 मधल्या ओळीलाही हेच लागू.

12. आईला लागण आहे. बाळाचं पॅनेल सहाव्या आठवड्यात केलं आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आली. बाळाला लागलं का?

या रिपोर्टवरून सांगता येत नाही. आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळात उतरतात, आणि अँटी-एचबीसी दोन वर्षांपर्यंत दिसू शकते. म्हणून बाळाच्या तक्त्यात दुसरा रकाना ठेवायचाच नाही. जन्मतः दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनमुळे अँटी-एचबीएसही पॉझिटिव्ह दिसते. ती बाळाची स्वतःची नसते, बाहेरून आलेली असते.

लागण असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर 12 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही द्यायचे असतात. आपल्याकडे जन्माच्या डोसनंतर पुढचे डोस पेंटाव्हॅलंटमधून 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळतात. सगळे डोस झाले की बाळ 9 ते 12 महिन्यांचं असताना फक्त एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस तपासा. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस 10 किंवा जास्त असेल तर बाळाची ओळ ‘लशीमुळे संरक्षण’. सहाव्या आठवड्याचा तो रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये राहू द्या, तक्त्यात उतरवू नका.